'क्लिनिकली प्रूव्हन' म्हणजे नक्की कुणावर सिद्ध झालेलं?

माझं आजोळ करडी. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे धानाचं गाव. माझी खाला तिथेच राहते. तिला दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांवर तो बऱ्यापैकी ताब्यात होता. गेल्या वर्षी ईदला गेलो तेव्हा तिच्या पलंगाशेजारच्या फळीवर गोळ्यांच्या पाकिटाऐवजी हिरव्या झाकणाचा एक डबा होता.

"हे काय खाला?"

"चूर्ण आहे बेटा. बाजारात एकजण गाडी घेऊन येतो, त्याच्याकडून घेतलं. जडीबुटीचं आहे, नुकसान काही नाही. आणि डब्यावर लिहिलंय ना, सिद्ध झालेलं आहे म्हणून."

डब्यावर खरंच तसं लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात 'क्लिनिकली प्रूव्हन'. त्याखाली 'रक्तातील साखरेची निरोगी पातळी राखण्यास मदत'. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषधी वापरासाठी नाही. समोर सिद्ध, मागे औषधच नाही! खालाला इंग्रजी येत नाही, पण येत असतं तरी ती ओळ वाचायला तिला भिंग लागलं असतं.

गोळ्या बंद करून तिला चार महिने झाले होते. पुढच्या महिन्यात पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली, उपाशीपोटीची साखर २९० निघाली. भंडाऱ्याला नेलं. बोट काढावं लागलं. ती जखम चूर्णामुळे झाली असं मी म्हणत नाही, आणि डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. बंद केलेल्या गोळ्यांनी ते केलं. पण गोळ्या बंद का झाल्या, तर त्या दोन इंग्रजी शब्दांमुळे. म्हणून त्या शब्दांचा हिशोब मांडतोय.

एक वनस्पती, तीन दरवाजे

आधी हे समजून घेऊ की असा डबा दुकानात येतो कसा. आपला समज असा असतो की परवाना नंबर आहे म्हणजे सरकारने तपासून, रोग बरा होतो हे पाहून मग परवानगी दिली असणार. तसं नाही. जडीबुटीच्या मालाला बाजारात यायला मुख्यतः तीन दरवाजे आहेत, आणि कुठल्या दरवाजाने यायचं हे बरेचदा बनवणाराच ठरवतो.

पहिला दरवाजा ग्रंथोक्त औषधाचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रमाणग्रंथांची यादी आहे. आयुर्वेदासाठी चरकसंहिता, शार्ङ्गधरसंहिता वगैरे, आणि युनानीसाठी कराबादीन आज़म, बयाज़-ए-कबीर वगैरे. ग्रंथातल्या पाठानुसार जसंच्या तसं औषध बनवलं, तर त्याचा गुण येतो हे नव्याने सिद्ध करावं लागत नाही. ग्रंथात आहे, हाच पुरावा.

दुसरा दरवाजा पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषधाचा. यात घटक ग्रंथांतलेच हवेत, पण त्यांचं मिश्रण बनवणाऱ्याच्या मनाचं आणि नावही त्याचंच. २०१० साली नियमांमध्ये १५८-ब हा नियम आला. त्यानुसार अशा औषधाच्या गुणासाठी ग्रंथाचा आधार आणि एक प्राथमिक चाचणी मागितली जाते. प्राथमिक म्हणजे थोड्या लोकांवरची. आधुनिक औषधाला बाजारात येण्याआधी टप्प्याटप्प्याने ज्या मोठ्या, तुलनात्मक चाचण्या द्याव्या लागतात, तशी अट इथे नाही.

तिसरा दरवाजा अन्नाचा. तिथे औषधांचा कायदा लागूच होत नाही; अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ लागू होतो. त्याखाली २०१६ साली हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलचे नियम आले. त्यात कोणत्या वनस्पती घालता येतील आणि रोज किती, याची यादी आहे. इथला प्रश्न 'हे खायला सुरक्षित आहे का' एवढाच. रोग बरा होतो का, हा प्रश्न या दरवाजावर विचारलाच जात नाही, कारण अन्नाने रोग बरा होतो असं म्हणायलाच बंदी आहे. म्हणून तर 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ छापावी लागते.

खालाचा डबा या तिसऱ्या दरवाजाने आला होता. ओळखायचं कसं? डब्यावर एफएसएसएआयची खूण आणि चौदा आकडी नंबर असेल तर ते कायद्याच्या नजरेत अन्न आहे, लोणच्या-पापडासारखं. औषध असेल तर 'आयुर्वेदिक औषध' किंवा 'युनानी औषध' असे शब्द आणि औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. घटक दोन्हीकडे तेच असू शकतात. अश्वगंधा अन्नातही आहे आणि औषधातही. फरक वनस्पतीत नाही, दाराच्या पाटीत आहे.

मग रोगाचं नाव न घेता मधुमेह्याला डबा विकायचा कसा? त्याची युक्ती खालाच्या डब्यावरच होती. 'मधुमेह बरा करतो' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. 'साखरेची निरोगी पातळी राखण्यास मदत' असं होतं. निरोगी माणसाची निरोगी पातळी राखण्याची गोष्ट! उरलेलं काम गाडीवाल्याच्या तोंडाने केलं. "गोळ्या सुटतात मावशी" हे वाक्य त्याने म्हटलं, डब्याने नाही. कायदा डबा वाचतो. गाडीवाल्याचं बोलणं तो ऐकत नाही. आणि आयुर्वेदिक-युनानी औषध विकायला तर आपल्याकडे विक्रीचा परवानाही लागत नाही. परवाना लागतो तो बनवायला. म्हणून मेडिकलमध्ये मिळणारी गोळी आणि पानटपरीवर मिळणारं चूर्ण यांच्या मागे उभं राहणारं कुणी सारखं नसतं.

सिद्ध झालं, पण काय?

आता मुख्य शब्दांकडे येतो. त्या डब्यात आठ वनस्पती होत्या : कारलं, मेथी, जांभळाची बी, गुडमार, विजयसार, कडुनिंब, गुळवेल, आवळा. कंपनीच्या हेल्पलाइनला मी फोन केला. विचारलं, कशावर सिद्ध झालंय? पलीकडच्या मुलीने सांगितलं, "सर, विजयसारवर सरकारी संशोधन झालेलं आहे."

ती खोटं बोलली नाही. विजयसार म्हणजे आपल्याकडचा बिजा. आपल्या जंगलात तो आहे आणि बिज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यायची पद्धत गावोगाव आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या चार केंद्रांवर विजयसारची चाचणी घेतली आणि १९९८ साली तिचे निष्कर्ष परिषदेच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९७ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी त्यांपैकी ६७ जणांची साखर ताब्यात आली, म्हणजे शंभरात ६९ जणांची. आकडा वाचून कुणालाही वाटेल, मग अडचण काय आहे?

अडचण आकड्यात नाही. तो आकडा ज्या डब्यावर चिकटवला त्या डब्यात आहे. चाचणीचा कागद खालाच्या डब्याशेजारी ठेवून पाहू.

चाचणीतले रुग्ण कोण होते? नुकतंच निदान झालेले किंवा तोवर कसलेच उपचार न घेतलेले. त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १५१ होती. म्हणजे आजार सौम्य होता. माझी खाला दहा वर्षांची रुग्ण, दोन प्रकारच्या गोळ्यांवर असलेली. चाचणीत कुणाच्या चालू गोळ्या बंद करून विजयसार दिला नव्हता. ज्यांची जेवणानंतरची साखर फारच वर गेली अशा चौघांना तर चाचणीतून बाहेर काढावं लागलं. म्हणजे डॉक्टर नजर ठेवून होते आणि थांबवायची वेळ आली तेव्हा त्यांनी थांबवलं. बाजारातल्या डब्याबरोबर असा डॉक्टर येत नाही.

दिलं काय होतं? विजयसारचा अर्क. रोज दोन ग्रॅम, आणि उपयोग झाला नाही तर वाढवत चार ग्रॅमपर्यंत. अर्क म्हणजे लाकडातून विरघळवून, गाळून, आटवून उरलेला भाग. एक ग्रॅम अर्कासाठी एक ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त लाकूड लागतं. खालाच्या डब्यावर घटकांच्या रकान्यात पाच ग्रॅमच्या चमच्यामागे विजयसार ४०० मिलिग्रॅम होता, आणि तोही अर्क नव्हता, नुसतं चूर्ण. दिवसाला दोन चमचे घेतले तर ८०० मिलिग्रॅम चूर्ण. चाचणीतल्या सगळ्यात कमी मात्रेच्या निम्म्याहूनही कमी, आणि वस्तूही वेगळी.

तुलना कुणाशी होती? कुणाशीच नाही. ९७ जणांना सगळ्यांना विजयसारच दिला. शेजारी असा दुसरा गट नव्हता ज्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली पुडी दिली असती. मधुमेहाचं निदान झालेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत काय करतो हे घरोघरी माहीत आहे. साखरेचा चहा सोडतो, भात कमी करतो, सकाळी रस्त्याने चालायला लागतो. त्याने उतरलेली साखर किती आणि विजयसारने किती, हे दुसरा गट असल्याशिवाय वेगळं काढता येत नाही. त्या चाचणीने ते केल्याचा दावाही केलेला नाही. तिने स्वतःला खुली चाचणी म्हटलं आहे. संशोधकांनी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. 'प्रूव्हन' हा शब्द नंतर कुणीतरी डब्यावर छापला.

तर 'क्लिनिकली प्रूव्हन' याचा त्या डब्यावरचा खरा अर्थ असा होतो : आठपैकी एका वनस्पतीचा, वेगळ्या स्वरूपात, दुपटीहून जास्त मात्रेत, वेगळ्या प्रकारच्या रुग्णांवर, तुलनेशिवाय एकदा उपयोग दिसला होता. हे डब्यात जे चूर्ण आहे, त्या चूर्णाची एकही चाचणी झालेली नाही. हेल्पलाइनवरच्या मुलीला मी शेवटी हेच विचारलं. ती म्हणाली, "सर, मी वरिष्ठांना विचारून कळवते." अजून कळवलेलं नाही.

दुसरा गट असला तरी

कुणी म्हणेल, दुसरा गट असलेली चाचणी असेल तर? आहे. सगळ्यांना आठवणारी आहे. २३ जून २०२० ला पतंजलीने कोरोनिल बाजारात आणताना सांगितलं की चाचणीत ६९ टक्के रुग्ण तीन दिवसांत आणि शंभर टक्के सात दिवसांत बरे झाले. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितली. उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी सांगितलं की अर्जात कोरोनाचं नावच नव्हतं; परवाना प्रतिकारशक्ती, खोकला, ताप यांच्यासाठी मागितला होता. आपल्या राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनीही महाराष्ट्रात हे विकू देणार नाही असं जाहीर केलं.

ती चाचणी पुढे प्रसिद्ध झाली. ९५ जण होते. ४५ जणांना गोळ्या, चूर्ण आणि नाकात घालायचे थेंब असा उपचार. ५० जणांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. तिसऱ्या दिवशी औषधवाल्यांपैकी ७१ टक्के निगेटिव्ह झाले. आता शेजारचा रकाना वाचा : काहीच न घेतलेल्यांपैकी ५० टक्केही निगेटिव्ह झाले. घोषणेतून हा दुसरा रकाना गायब होता. सातव्या दिवशी फरक मोठा दिसला हे खरं, १०० विरुद्ध ६०. पण सगळे रुग्ण लक्षणं नसलेले किंवा सौम्य होते. श्वास लागलेला, ऑक्सिजनवर असलेला माणूस त्यात नव्हता. लोकांना भीती ज्याची होती ते मरण या चाचणीत मोजायला नव्हतंच. एका रुग्णालयातली ही चाचणी आपल्या शीर्षकातच स्वतःला प्राथमिक म्हणते. प्राथमिक चाचणीचं काम 'पुढे मोठी चाचणी करावी का' हे सांगण्याचं असतं. डबा छापायची परवानगी ती देत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनिल पुन्हा मंचावर आलं. देशाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन आणि आपल्या नागपूरचे नितीन गडकरी तिथे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाशी जोडलेल्या एका प्रमाणपत्राचा गाजावाजा झाला. ते प्रमाणपत्र निर्यातीसाठी असतं, कारखान्यातल्या उत्पादनाच्या पद्धतीबद्दल असतं. कारखाना स्वच्छ आहे म्हणजे औषध लागू पडतं असं नाही. आपण पारंपरिक औषधांपैकी कुठलंही कोविडवर प्रमाणित केलेलं नाही, असं त्या संघटनेला लगेच जाहीर करावं लागलं.

आपले आणि त्यांचे

इथपर्यंत वाचून आपल्यातले काही जण खूश झाले असतील. रामदेवबाबांची गोष्ट निघाली की आपल्याकडे टाळ्या पडतात. म्हणून ही दुसरी गोष्ट सांगतो. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मुतखडा, लठ्ठपणा अशा चोपन्न रोगांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा १९५४ चा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा. त्याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गाजलेला खटला कुणी लढवला? हमदर्द दवाखान्याने. आमच्या भाषणस्वातंत्र्यावर गदा येते, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. यादीत आणखी रोग घालण्याची मोकळीक आणि जप्तीचं कलम न्यायालयाने रद्द केलं, पण कायद्याचा गाभा टिकला. बंदी असलेल्या औषधांचा व्यापार वाढवणारी जाहिरात म्हणजे विचार मांडण्याचं स्वातंत्र्य नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे आधी युनानीवाले कायद्याशी भांडले, पुढे आयुर्वेदवाले. कपाळावर टिळा असो की डोक्यावर टोपी, 'पुरावा दाखवा' म्हटलं की दोघांनाही परंपरा धोक्यात आल्यासारखी वाटते. आपल्या उरुसात कलौंजीच्या तेलाची बाटली हिरव्या कागदात, मशिदीचं चित्र लावून, 'मौत सोडून सगळ्यावर इलाज' म्हणून विकली जाते. ती घेताना आपण किती जण तिच्या मागे अन्नाचा नंबर आहे की औषधाचा, हे पाहतो? दीनच्या नावाने विकलेल्या मालाला प्रश्न विचारणं म्हणजे दीनला प्रश्न विचारणं नव्हे. उलट, दुकानदाराने आपल्या श्रद्धेचा लेबल म्हणून वापर केला, याचा आपल्याला राग यायला हवा.

'अॅलोपॅथीच्या कंपन्या काय साधू आहेत का?' असं मला करडीतच विचारलं गेलं. नाहीत. त्याही लुबाडतात. पण त्यांच्याकडून पुरावा माल विकण्याआधी मागितला जातो आणि खोटा निघाला तर तो कागद त्यांच्याच विरुद्ध वापरता येतो. जडीबुटीच्या डब्याकडे तो कागदच नाही, मग खोटं पकडायचं कशावर? बिज्यात गुण नाही असं मी म्हणत नाही. असेल तर आयसीएमआरने जिथे सोडलं तिथून पुढे, दुसरा गट घेऊन, मोजून दाखवा. गुडमार, कारलं, बिजा यांचा मान त्यानेच राहील.

मागायचं काय

जाहिरात छापण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, असा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहिलं की या नियमाखाली कारवाई करू नका. जुलै २०२४ मध्ये तो नियम वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली, पण ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही गेली. ज्या खात्याने राखण करायची त्यानेच कुंपण काढलं. तो नियम परत आला पाहिजे, आणि अन्नाच्या दरवाजाने येणाऱ्या जडीबुटीलाही लागू झाला पाहिजे.

दुसरी मागणी साधी आहे. ज्याला 'क्लिनिकली प्रूव्हन' छापायचं असेल त्याने त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीत, चार गोष्टी छापाव्यात : चाचणी याच मालाची होती का, किती आणि कशा लोकांवर, तुलना कशाशी, आणि चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक. त्या नोंदणीनेही चाचणी झाली एवढंच कळतं, ती यशस्वी झाली असं नाही. पण निदान शोधायला जागा मिळते. हे छापायला जागा नसेल तर 'प्रूव्हन' छापायलाही जागा नाही.

तोवर आपल्या घरातल्या फळीवरचा डबा उतरवून उलटा करा. चौदा आकडी नंबर आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ सापडली, तर तो डबा अन्न आहे. ते खायचं की नाही हे डॉक्टरला विचारून ठरवा, कारण साखर उतरवणाऱ्या गोळीबरोबर काही वनस्पतींनी साखर जास्तच खाली जाऊ शकते. पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. मधुमेहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. खालाने त्या डब्याला महिन्याला सहाशे रुपये मोजले होते.

मागच्या आठवड्यात गाडीवाला पुन्हा बाजारात आला होता. खालाने काठी टेकत जाऊन त्याला विचारलं, "हे कुणावर सिद्ध झालंय रे बाबा?" तो म्हणाला, "हजारो लोकांवर, मावशी." तिने चप्पल काढून पाय दाखवला. त्याने गाडी थोडी पुढे नेऊन लावली.